मूठ वळते, पण किती वाजता?

हात पालथा टेबलावर ठेवा आणि तर्जनीचे सांधे मोजा. नखाच्या लगेच अलीकडचा एक, बोटाच्या मध्यावरचा दुसरा, आणि मूठ वळली की उंचवटा होऊन वर येणारा बुडाचा तिसरा. बोटं सुजली, सकाळी वळेनाशी झाली, की घरात ‘वात आला’ एवढं म्हटलं जातं. ते चूक नाही, पण अपुरं आहे. कारण वयानुसार झिजणाऱ्या सांध्यांचा संधिवात आणि आमवात, ज्याला डॉक्टर ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस म्हणतात, हे दोन आजार या तीन सांध्यांची निवड अगदी वेगवेगळी करतात. झिजेचा संधिवात नखाजवळच्या सांध्याला धरतो. आमवात तो सांधा बहुधा सोडून देतो आणि बुडाचा सांधा व मनगट धरतो. मधला सांधा दोघांच्याही वाटेवर आहे, त्यामुळे फसगत होते ती बहुतेक तिथेच.

एवढी साधी खूण हाताशी असताना बहुतेक रुग्ण दवाखान्यात हात पुढे करत नाहीत, रिपोर्ट पुढे करतात. ‘आरए फॅक्टर पॉझिटिव्ह’ हे तीन शब्द वाचून अर्धी रात्र जागून काढलेली माणसं संधिवाततज्ज्ञांना रोज भेटतात. म्हणून एकाच घरातल्या दोन जावा डोळ्यांपुढे आणू. उदाहरण रचलेलं आहे, पण त्यातला प्रत्येक तपशील तज्ज्ञांच्या बाह्यरुग्ण विभागात नेहमी दिसणारा आहे.

थोरली ५८ वर्षांची. चार-पाच वर्षांपासून दोन्ही हातांच्या बोटांना नखाजवळ गाठी आल्या आहेत. मधल्या बोटाचं टोक किंचित एका बाजूला वळलंय. अंगठ्याच्या बुडाशी, मनगटाजवळ, कपडे पिळताना आणि बरणीचं झाकण उघडताना कळ येते. तिचा आरए फॅक्टर ३४ आला. प्रयोगशाळेची मर्यादा २० ची. धाकटी ३८ वर्षांची. दोन महिन्यांपासून तर्जनी आणि मधल्या बोटाचे बुडाचे सांधे दोन्ही हातांना सुजलेत, दोन बोटांचे मधले सांधे आणि दोन्ही मनगटंही. तिचा आरए फॅक्टर निगेटिव्ह. घरात अर्थातच थोरलीची काळजी सुरू झाली आणि धाकटीला सांगितलं गेलं, “तुला काही नाही, कामाचा ताण आहे.” नेमकं उलट होतं.

असं का व्हावं, हे समजायला थोडा हिशेब करावा लागतो. पुण्याजवळच्या भिगवणला १९९६ मध्ये सुरू झालेल्या सांधेदुखीच्या पाहणीत आमवाताचं प्रमाण प्रौढांमध्ये सुमारे अर्धा टक्का आढळलं. म्हणजे एक हजार माणसांत पाच. आता आरए फॅक्टर हे रक्तातलं एक प्रतिपिंड आहे, आणि ते धडधाकट माणसांतही शंभरात सुमारे पाच जणांत सापडतं. वय वाढेल तसं जास्तच. म्हणजे त्याच हजारांत आमवात नसलेले जवळजवळ पन्नास जण पॉझिटिव्ह येणार, आणि खरा आमवात असलेल्या पाचांपैकी चार. काही लक्षण नसताना किंवा भलत्याच सांध्याच्या दुखण्यासाठी ही तपासणी केली, तर पॉझिटिव्ह आलेल्या तेरा-चौदा जणांत एखादाच खरा रुग्ण निघेल. क्षयरोग, हिपॅटायटिस सी, तोंड-डोळे कोरडे पडण्याचा शोग्रेन आजार यांतही हा आकडा वर जातो. शिवाय पाचातला एक खरा रुग्ण निगेटिव्ह येऊन घरी जातो, ते वेगळंच. ‘वाताचा पॅक’ म्हणून सरसकट होणाऱ्या तपासण्यांनी फायद्यापेक्षा धास्तीच जास्त वाटली आहे, असं माझं मत आहे.

हात मात्र असा गोंधळ घालत नाही. आधी थोरलीचा बघू.

तिच्या नखाजवळच्या गाठी सांध्याच्या दोन्ही बाजूंना, थोड्या वरच्या अंगाला आहेत. दाबल्या तर दबत नाहीत. हाडच आहे ते. सांध्यातल्या कुर्चेचा गुळगुळीत थर विरळ होतो, खालच्या हाडावर भार वाढतो आणि शरीर त्याला उत्तर म्हणून सांध्याच्या कडेला नवं हाड घालतं. क्ष-किरणात ते टोकदार कडांसारखं दिसतं. विल्यम हेबर्डन या लंडनच्या वैद्यानं या वाटाण्याएवढ्या गाठींचं वर्णन करून ठेवलं आणि यांचा गाऊटशी संबंध नाही असंही सांगितलं. ते पुस्तक त्याच्या मृत्यूनंतर, १८०२ मध्ये निघालं. आजही नखाजवळच्या गाठींना त्याचंच नाव आहे. मधल्या सांध्यावरच्या तशाच गाठींना बुशार या फ्रेंच डॉक्टरचं.

‘झीज’ या शब्दामुळे बायकांना वाटतं की जन्मभर धुणीभांडी केली म्हणून बोटं गेली. कामाचा काही वाटा असतो, पण बोटांच्या गाठींमध्ये आनुवंशिकता फार बलवत्तर आहे. आईच्या, मावशीच्या हाताला गाठी होत्या का, असं विचारलं की बहुतेक वेळा ‘हो’ येतं. पाळी जाण्याच्या सुमारास त्या डोकं वर काढतात. पुरुषांपेक्षा स्त्रियांत बऱ्याच जास्त दिसतात.

गाठ कठीण असते हे खरं, पण सुरुवातीपासून नसते, आणि इथे पहिला चकवा आहे. नवी गाठ उठताना तो सांधा काही आठवडे, कधी काही महिने, लाल, गरम आणि हुळहुळा असतो. जरा धक्का लागला तरी जीव जातो. कधी नखाच्या मुळाशी आत घट्ट चिकट द्रव असलेला फोड येतो. तो घरी सुईनं फोडू नये, कारण तो सांध्याशी जोडलेला असू शकतो आणि जंतू थेट आत जातात. हा टप्पा ओसरला की दुखणं बहुतेक जातं, गाठ राहते. पन्नाशीतली बाई एका बोटाच्या टोकाचा असा लाल सांधा घेऊन आली की तो आमवात समजला जाण्याची भीती असते. तिथे विचारायचं एवढंच, की बुडाचे सांधे आणि मनगट ठीक आहेत का?

थोरलीच्या अंगठ्याचं बूड हे तिच्या निदानाचं दुसरं बोट. अंगठा मनगटाला मिळतो तो सांधा झिजला की तिथे हाताची कड चौकोनी दिसायला लागते. किल्ली फिरवणं, कपडा पिळणं, जाड पुस्तक एका हातात धरणं अशा चिमटीच्या कामांत तो दुखतो. पुष्कळ जणींना नखाजवळच्या गाठींपेक्षा हाच जास्त छळतो, पण गाठ दिसते आणि हा दिसत नाही, म्हणून तक्रारीत याचा उल्लेख शेवटी येतो.

आता धाकटीचा हात. तिच्या हाताच्या पाठीवर, मूठ वळल्यावर उंचवट्यांच्या मधे ज्या खाचा दिसायला हव्यात त्या भरून आल्या आहेत. सुजलेला सांधा दोन बोटांच्या चिमटीत हलकेच दाबला तर पिकलेलं द्राक्ष दाबल्यासारखा लागतो, मऊ आणि आतून दाब असलेला. हाड वाढलेलं नाही. सांध्याच्या पिशवीचं आतलं अस्तर, जे एरवी अगदी पातळ असतं आणि सांध्याला वंगण पुरवतं, तेच सुजून जाड झालंय. शरीराची प्रतिकारयंत्रणा त्या अस्तरावर उलटली आहे. हे अस्तर जिथे भरपूर आहे तिथे आमवात जोर करतो, म्हणजे बुडाच्या सांध्यांत आणि मनगटात. नखाजवळच्या लहानग्या सांध्यात अस्तर फार थोडं असतं. आमवात तो सोडून देतो त्यामागे हे एक कारण मानलं जातं.

डॉक्टर एक साधी चाचणी करतात. हस्तांदोलन करावं तसा हात धरून चारही बोटांची बुडं दोन्ही कडांनी एकत्र दाबतात. निरोगी हाताला काही होत नाही. आमवाताच्या सुरुवातीला माणूस चटकन हात मागे घेतो. धाकटीनं घेतला. थोरलीच्या चेहऱ्यावर रेषही हलली नाही.

सूज दोन्ही हातांना जवळपास सारखीच असणं हाही आमवाताचा स्वभाव. पण यावर एकट्यावर विसंबू नये. झिजेच्या गाठीही बऱ्याचदा दोन्ही हातांना येतात, आणि आमवात पहिल्या काही आठवड्यांत एकाच बाजूला दिसू शकतो.

आता आखडण्याबद्दल. दोघीही म्हणतात, “सकाळी बोटं वळत नाहीत.” इथे अनुभवी डॉक्टर ‘किती वेळ आखडतात?’ असं विचारत नाहीत, कारण त्याला ‘दिवसभर’ हेच उत्तर येतं. ते विचारतात, “उठता किती वाजता? आणि बोटं आता जमेल तितकी मोकळी झाली, असं किती वाजता वाटतं?” या दोन वेळांतलं अंतर म्हणजे खरा आकडा. थोरली सहाला उठते आणि चहा होईपर्यंत, सव्वासहाला, हात चालू लागतात. दुपारी टीव्हीसमोर तासभर बसली की पुन्हा दोन-तीन मिनिटं बोटं जड वाटतात, मग सुटतात. संध्याकाळी, दिवसभर काम झाल्यावर दुखणं वाढतं. धाकटीही सहाला उठते, पण दुधाची पिशवी तिला कापता येत नाही, ब्लाउजचे हूक मुलगी लावून देते, कणीक मळायला ती आठनंतरच बसते. तिचं अंतर दोन तासांच्या वर आहे. कामात राहिली की तिला बरं वाटतं, विश्रांतीनं बिघडतं. झिजेत सकाळचा ताठरपणा बहुधा अर्ध्या तासाच्या आत संपतो. आमवातात तो तासाच्या पुढे जातो. थंडीत आणि गार पाण्यात दोघींचंही वाढतं, त्यावरून काही ठरत नाही.

सकाळच कशाला? आमवातात दाह पेटवणारी रसायनं रक्तात उत्तररात्री वाढत जाऊन पहाटे टोक गाठतात. त्याच वेळी दाह आवरणारं शरीराचं स्वतःचं कॉर्टिसोल मध्यरात्रीच्या सुमारास तळाला असतं आणि पहाटेपर्यंत हळूहळू चढतं. आमवातात ते दाहाला पुरं पडत नाही. त्यात रात्रभर हात हलले नाहीत की सुजलेल्या अस्तरात पाणी साचतं. हे इतकं ठरलेलं आहे की झोपताना घ्यायची आणि पोटात गेल्यावर चार तासांनी, रात्री दोनच्या सुमारास विरघळणारी स्टेरॉइडची गोळी युरोपात बनवली गेली. तिनं सकाळचा ताठरपणा कमी होतो. झिजेत असं घड्याळ फारसं चालत नाही. तिथला ताठरपणा मुख्यतः हालचाल थांबल्याचा असतो, म्हणून हलवलं की सुटतो.

धाकटीला आणखी काही विचारलं गेलं, जे तिला सांगण्यासारखं वाटलं नव्हतं. रात्री अंगठा आणि शेजारची दोन बोटं बधिर होऊन जाग येते. मनगटातल्या सुजेनं नस दबते म्हणून. दुपारी गळून गेल्यासारखं होतं. आमवात सांध्यांत दिसतो, पण साऱ्या शरीराचा आजार आहे. थोरलीला थकवा आहे, पण तो तिच्या वयाच्या कुठल्याही कामसू बाईचा.

आता रिपोर्टांना त्यांची जागा देऊ. २०१० मध्ये अमेरिका आणि युरोपच्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनांनी मिळून आमवात ठरवायची दहा गुणांची पद्धत आखली. तिची पहिली अट रक्ताची नाही, हाताची आहे. दुसऱ्या कारणानं न समजावता येणारी मऊ सूज निदान एका सांध्यात डॉक्टरांना सापडली पाहिजे. नखाजवळचा सांधा आणि अंगठ्याचं बूड या मोजणीत धरायचेच नाहीत, असं त्यात स्पष्ट आहे, कारण ते झिजेचे सांधे. थोरलीचे दुखरे सांधे नेमके तेच. त्यामुळे ती या परीक्षेला बसतच नाही. बसवलं तरी आरए फॅक्टर थोडासा वाढल्याचे दोन आणि दुखणं जुनं असल्याचा एक, असे तीनच गुण होतात.

धाकटीचे चार बुडाचे, दोन मधले आणि दोन मनगटं असे आठ सांधे, त्याचे तीन गुण. सहा आठवड्यांपेक्षा जास्त काळ, एक गुण. ईएसआर ४६, एक गुण. स्त्रियांमध्ये वयात दहा मिळवून दोननं भागलं की ईएसआरची ढोबळ वरची मर्यादा मिळते. तिची २४ येते. याच हिशेबानं थोरलीची ३४, आणि तिचा २८ हा आकडा काळजीचा नाही, जरी रिपोर्टवर तो ठळक छापला असला तरी. धाकटीचे पाच झाले. निदानाला सहा लागतात. तेव्हा अँटी-सीसीपी ही महागडी पण जास्त नेमकी तपासणी केली. ही आमवात नसलेल्यांत क्वचितच पॉझिटिव्ह येते. तिची मर्यादेच्या तिपटीहून जास्त आली, त्याचे तीन. एकूण आठ.

तिचा क्ष-किरण मात्र स्वच्छ होता. यानं घरच्यांना पुन्हा दिलासा वाटला, आणि पुन्हा चुकीचा. आमवातानं हाड कुरतडल्याच्या खुणा क्ष-किरणात उमटायला महिने लागतात. त्या दिसायच्या आत औषध सुरू करणं हाच तर खटाटोप. उलट थोरलीच्या क्ष-किरणात बरंच काही दिसतं, पण तिच्या वयाच्या, कधीच न दुखलेल्या हातांतही ते दिसतं.

सहा आठवड्यांचा उंबरठा आपल्याकडे विशेष महत्त्वाचा आहे. चिकुनगुनियाचा ताप येऊन गेला की हुबेहूब आमवातासारखे बुडाचे सांधे, मनगटं, घोटे सुजतात आणि सकाळी तासन्‌तास आखडतात. २००६ च्या साथीत महाराष्ट्रातल्या किती घरांनी हे पाहिलं. बहुतेकांचं हळूहळू उतरतं, काहींचं महिनोन्‌महिने रेंगाळतं. म्हणून मागच्या काही महिन्यांत ताप आला होता का, हा प्रश्न रक्ततपासणीच्या आधी यायला हवा. दुसरा अपवाद सोरायसिसचा. त्याचा संधिवात नखाजवळचा सांधाही धरतो आणि सूज दाहाची असते. अशा वेळी नखांवर सुईनं टोचल्यासारखे खड्डे आहेत का, कोपरावर, टाळूवर, कानामागे खवले आहेत का, ते बघावं लागतं.

हा फरक ओळखण्यावर पुढचं सगळं अवलंबून आहे, कारण एकीचं औषध दुसरीला नुकसान करू शकतं. धाकटीला मेथोट्रेक्सेट सुरू झालं. ते आठवड्यातून एकदाच, ठरलेल्या वारी घ्यायचं असतं. सोबत फॉलिक ॲसिड वेगळ्या दिवशी. रोजची गोळी समजून ते रोज घेतल्यानं तोंडात फोड येऊन रक्तपेशी धोकादायक खाली गेल्याची आणि माणसं दगावल्याची उदाहरणं आहेत, म्हणून गोळीचा वार चिठ्ठीवर अक्षरात लिहून घ्यावा. गरोदरपणात ते चालत नाही, यकृताच्या आणि रक्ताच्या तपासण्या ठरावीक अंतरानं कराव्या लागतात, आणि गुण यायला सहा ते बारा आठवडे जातात. या मधल्या काळात ‘इंग्रजी औषध लागू पडत नाही’ म्हणून ते सोडलं जातं आणि एखादी पुडी सुरू होते. पुडीनं दोन दिवसांत हात मोकळे झाले तर तिच्यात स्टेरॉइड मिसळलेलं असल्याचा संशय घ्यावा. नुसत्या वेदनाशामकानंही सकाळ सुसह्य होते, पण अस्तर हाड खात राहतं. लक्षणं सुरू झाल्यापासून तीन महिन्यांच्या आत खरं औषध सुरू व्हावं, असं तज्ज्ञ धरून चालतात. धाकटीचे दोन महिने ‘कामाचा ताण’ म्हणण्यात गेले होते.

थोरलीला यातलं काहीच नको. दुखऱ्या सांध्यावर डायक्लोफिनॅकचं मलम, अंगठ्याच्या बुडाला आधार देणारा पट्टा, सकाळी कोमट पाण्यात बोटांची हालचाल, चिमटीऐवजी पूर्ण तळवा वापरून झाकणं उघडणं, जाड मुठीची विळी-चमचे, एवढ्यावर बहुतेकींचं भागतं. अंगठ्याचं बूड फारच छळलं तर त्यात इंजेक्शन, आणि अगदी शेवटी शस्त्रक्रिया. गाठी विरघळवणारं औषध अजून नाही, कोणी देतो म्हटलं तरी. मलेरियावरच्या हायड्रॉक्सिक्लोरोक्विन या गोळीचा आमवातात उपयोग होतो, म्हणून ती बोटांच्या गाठींसाठीही दिली जायची. इंग्लंडमध्ये नीट चाचणी घेतल्यावर २०१८ मध्ये दिसलं की ती साध्या साखरेच्या गोळीइतकीच ठरते.

थोरलीनं आरए फॅक्टर दर सहा महिन्यांनी तपासून बघायचंही कारण नाही. तो चाळीस झाला काय नि पंचवीस झाला काय, तिच्या गाठींना त्याचं सोयरसुतक नाही. मात्र झिजेचा संधिवात असला म्हणून आमवात होणार नाही, असा नियम नाही; साठीनंतरही तो नव्यानं सुरू होतो. तेव्हा तिच्या बोटांच्या बुडांच्या खाचा भरून आल्या, मनगट मऊ सुजलं, आणि सव्वासहाला मोकळे होणारे हात आठ वाजले तरी कणकेत जाईनासे झाले, तर जुनंच दुखणं वाढलं असं न समजता तिनं पंधरा दिवसांच्या आत हात दाखवायला जावं.